चतुराचे चार पंख : आगेमागेचा हिशेब

पाऊस उघडला की निर्णा गावाच्या शिवारात, तुरीच्या आणि उडदाच्या रानांवर चतुर दिसू लागतात. शेततळ्याच्या काठी तर ते हमखास असतात. शाळेतली मुले त्यांना 'हेलिकॉप्टर' म्हणतात, शेजारच्या कन्नड घरांतली मुले 'हेलिकॉप्टर चिट्टे' म्हणतात. उपमा दोन्ही भाषांत एकच आहे आणि ती सुचण्याचे कारणही उघड आहे. हवेत एका जागी थांबणारा दुसरा परिचित प्राणी पटकन आठवत नाही.

मात्र विज्ञानाच्या तासाला ही उपमा आपल्याला चुकीच्या वाटेने नेते. हेलिकॉप्टरचे पाते एकाच दिशेने गरगर फिरत राहते. चतुराचा पंख फिरत नाही. तो खाली येतो, थांबतो, उलटतो, वर जातो, पुन्हा उलटतो. आणि असे चार पंख चार वेगळ्या हुकमांनी चालतात. मराठीत 'चतुर' म्हणजे हुशार आणि संस्कृतात 'चतुर्' म्हणजे चार. या कीटकाला नाव कशावरून पडले तो प्रश्न बाजूला ठेवू. त्याच्या उड्डाणात मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्याची हुशारी चार पंखांच्या आगेमागेत आहे.

प्रत्येक पंखाला स्वतःचा स्नायू

माशी किंवा मधमाशी उडते तेव्हा तिचे मोठे स्नायू पंखांना थेट ओढत नाहीत. ते छातीची पेटी दाबतात. छातीचे छत खाली ओढले गेले की पंख वर जातात, छत वर उचलले की पंख खाली येतात. यात वेग फार मिळतो, पण दोन्ही बाजूंचे पंख एकाच पेटीला बांधलेले राहतात.

चतुराची रचना वेगळी आहे. त्याचे उड्डाणाचे स्नायू पंखांच्या मुळाशीच जोडलेले असतात आणि प्रत्येक पंखाचे स्नायू वेगळे असतात. त्यामुळे प्रत्येक पंखाच्या बाबतीत त्याला तीन गोष्टी ठरवता येतात : पंख किती लांब हलवायचा, त्याचे पाते किती कलते धरायचे, आणि फटका इतरांच्या आधी मारायचा की नंतर. फटक्यांची गती मात्र चारही पंखांची साधारण सारखीच राहते. ती सेकंदाला ३० ते ४० फटके इतकी असते. म्हणजे 'स्वतंत्र पंख' याचा अर्थ मनाला येईल तसे चार पंख, असा नाही. ताल एकच, पण त्या तालात प्रत्येकाने केव्हा आणि कसे यायचे हे वेगळे.

एका जागी थांबणे

विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला हे समजावणे सोपे जाते. उभ्या उभ्या पाण्यात तरंगायचे असेल तर तळहात सपाट धरून पाणी खाली रेटायचे, आणि हात परत वर आणताना तळहात उभा करून पाणी कापत आणायचा. दोन्ही वेळा तळहात सपाट ठेवला तर खाली रेटून मिळालेला आधार वर येताना निघून जातो.

चतुर हवेत नेमके हेच करतो. थांबून उडताना त्याचे शरीर जवळजवळ आडवे असते, पण पंखांच्या हालचालीची पातळी आडवी नसते, ती तिरपी असते. स्वीडनचे संशोधक आके नॉरबर्ग यांनी एका जातीत हा तिरपेपणा क्षितिजाशी सुमारे ६० अंश मोजला होता. पंख पुढे आणि खाली येतो तेव्हा त्याचे पाते वाऱ्याला आडवे असते, म्हणून ते हवा रेटते. परत मागे-वर जाताना पाते वळते आणि कडेने हवा कापत जाते. विमानाचा पंख ज्या प्रकारे वजन पेलतो त्यात हवेचा विरोध हा अडथळाच मानला जातो. चतुर मात्र त्या विरोधावरच टेकतो. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ जेन वँग यांनी २००४ साली केलेल्या गणितानुसार, थांबून उडणाऱ्या चतुराच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भार हा विरोधच उचलतो. हेलिकॉप्टरपेक्षा पोहणारा तळहात ही उपमा खरी ठरते ती यासाठी.

पुढची जोडी, मागची जोडी

आता आगेमागेकडे वळू. पुढची आणि मागची जोडी एकाच तालात हलते, पण फटका कधी एकदम पडतो, कधी उलटसुलट. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात या अंतराला 'कलांतर' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण आधी चित्र डोळ्यांपुढे आले तर तो पचतो.

एका उखळात दोघी जणी कांडतात तेव्हा एकीचे मुसळ खाली असते त्या वेळी दुसरीचे वर असते. काम अखंड चालते आणि कोणी लवकर दमत नाही. थांबून उडणाऱ्या चतुराचे पंख असेच चालतात : पुढची जोडी खाली, तेव्हा मागची वर. आधार सतत मिळत राहतो, शरीर हेलकावे खात नाही, आणि वँग यांच्या हिशेबानुसार या पद्धतीत खर्च होणारी शक्ती कमीत कमीच्या जवळ असते.

तुरीचे पोते उचलताना मात्र आळीपाळी चालत नाही. दोघांनी एकदम जोर लावला तरच पोते हलते. चतुर काडीवरून झेप घेतो किंवा अचानक वळतो तेव्हा तो चारही पंख जवळजवळ एकदम खाली मारतो. जोर वाढतो, पण खर्चही वाढतो, म्हणून हे काही क्षणांपुरतेच.

सरळ पुढे उडताना तो मधली रीत वापरतो. मागची जोडी पुढच्या जोडीच्या साधारण पाव फटका आधी खाली येते. पुढच्या पंखांनी ढवळलेली हवा मागच्या पंखांवर येतच असते. ती केव्हा गाठायची यावर ती उपयोगी पडेल की नडेल हे ठरते. जेम्स अशरवुड आणि फ्रिट्झ-ओलाफ लेहमन यांनी २००८ साली यांत्रिक पंखांवर दाखवले की योग्य वेळ साधली तर मागचा पंख त्या भोवऱ्यात वाया जाणारी काही शक्ती परत मिळवतो, आणि बचत २२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

बाजूला सटकणे

बाजूला जाण्यासाठी पंखांचा ताल बदलावा लागत नाही. डाव्या आणि उजव्या पंखांच्या पात्यांचा कल वेगवेगळा केला की पुरते. एका बाजूला आधार जास्त मिळाला की शरीर दुसऱ्या बाजूला कलते. शरीराबरोबर वर उचलणारा जोरही कलतो, आणि चतुर त्या बाजूला सरकतो. पुन्हा कल बदलला की तो सरळ होतो.

हे किती झटपट होते याचा एक सुंदर प्रयोग आहे. वँग, जेम्स मेल्फी आणि अँथनी लिओनार्डो यांनी चतुरांना पाठ खाली, पाय वर अशा अवस्थेत हवेत सोडले. सुमारे ०.२ सेकंदात, म्हणजे सात-आठ फटक्यांत, ते लोटांगण घेतल्यासारखे फिरून सुलटे झाले. वेगवान चित्रीकरणात दिसले की डाव्या-उजव्या पंखांचा कल वेगळा करूनच ते हे साधतात. डोळे झाकले तेव्हा मात्र त्यांना सुलटे होता आले नाही. पंख कुशल असले तरी वर काय आणि खाली काय हे डोळ्यांनीच सांगावे लागते. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला.

शिकार : पाठलाग नव्हे, वाट अडवणे

आपल्याकडे तळ्याकाठी काडीवर बसून राहणारा, हिरवट अंगावर काळे पट्टे असलेला चतुर सर्वत्र दिसतो. शास्त्रीय नाव ऑर्थेट्रम सबीना. तो खालून आकाशाकडे पाहत असतो, कारण उजळ आकाशावर लहान किडा ठळक दिसतो. मग एकदम उडतो आणि बहुधा अर्ध्या सेकंदात काम आटोपून काडीवर परततो.

समजा, चिलट सेकंदाला एक मीटर वेगाने जात आहे. अर्ध्या सेकंदात ते ५० सेंटीमीटर पुढे गेलेले असेल. चतुराने ते आत्ता जिथे दिसते तिथे नेम धरला तर तो मागेच राहील. म्हणून तो पुढच्या जागेकडे उडतो. ती जागा त्याला कशी कळते? चौकाकडे येणारी बस आपल्या मोटारसायकलवरून सतत एकाच कोनात दिसत राहिली आणि नुसती मोठी होत गेली, तर टक्कर ठरलेली, हे प्रत्येक चालक जाणतो. आपण जी टाळतो ती टक्कर चतुर घडवून आणतो. शिकार एकाच दिशेला दिसत राहील असे तो स्वतःला वळवत नेतो. ती दिशा पंखांना कळवणारे खास चेतातंतू फक्त १६ आहेत, दोन्ही बाजूंना आठ-आठ. शेवटी काटेरी पायांची टोपली पुढे येते आणि चिलट तीत सापडते.

रॉबर्ट ऑल्बर्ग आणि सहकाऱ्यांनी २००० साली नोंदवले की काडीवरून झेपावणाऱ्या चतुरांच्या ९७ टक्के झेपा यशस्वी झाल्या. पण हे यश पंख शाबूत असेपर्यंतचे. गवतावर घासून, भांडणांत पंखांच्या कडा फाटत जातात. मागच्या पंखांचे क्षेत्र कमी झाले की चतुराचा वर झेपावण्याचा जोर घटतो आणि हुकणाऱ्या झेपा वाढतात, हे स्टेसी कोम्ब्स यांच्या प्रयोगांत दिसले. हंगामाच्या शेवटी तळ्याकाठी कातरलेल्या पंखांचे चतुर पाहिले तर त्यांची प्रत्येक झेप मोजून पाहावी.

वर्गाने मोजावे

हे सगळे मानण्याऐवजी पाहता येते. अनेक मोबाईलमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय असते. चतुराचे फटके सेकंदाला ४० धरले तर एका फटक्याला सहा चित्रे मिळतात. काही जातींत मादी पाण्यावर अंडी घालत असताना नर तिच्यावर हवेत थांबून पहारा देतो. त्या वेळी काठावर शांत बसून बाजूने चित्रीकरण करावे. पुढचे पंख सर्वांत वर दिसतात ते चित्र क्रमांक एक धरा. मागचे पंख चौथ्या चित्रात सर्वांत वर आले, तर अंतर तीन चित्रांचे, म्हणजे अर्धा फटका : उखळातली आळीपाळी. पहिल्याच चित्रात दोन्ही जोड्या वर असतील तर पोते उचलण्याची रीत.

एक मर्यादा ध्यानात असू द्यावी. पाव फटक्याचे अंतर म्हणजे दीड चित्र; ते सहा चित्रांत नीट ओळखू येत नाही. म्हणून सरळ उडणाऱ्या चतुरावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आणि चतुराच्या शेपटीला दोरा बांधून चित्रीकरण केले तर काहीच सिद्ध होत नाही, कारण दोऱ्याच्या ओझ्याशी झुंजणारा चतुर चारही पंख एकदम मारू लागण्याचा संभव असतो. मग वहीत जे उतरेल ते दोऱ्याचे मोजमाप असेल, चतुराचे नव्हे.