लॅपटॉप एक, हात सहा

हॅकेथॉनला निघालेल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी विचारते, तुमच्या कोडचे कमिट कुणाच्या नावावर पडणार आहेत? हा प्रश्न त्यांना फार बारीकसारीक वाटतो. त्यांचं लक्ष बक्षिसावर, प्रेझेंटेशनवर असतं. पण तिथे भेटलेल्या माणसांबरोबर पुढे काम करायचं असेल, तर आमच्या टीमचं काय झालं ते आधी ऐकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आमचा विषय होता कांदा चाळ. नाशिककडे उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढून चाळीत भरतात आणि भाव बघत बघत दिवाळीपर्यंत विकतात. पावसाळ्यात हवेतला ओलावा वाढला की कांदा सडू लागतो आणि वास बाहेर येईपर्यंत बराच माल गेलेला असतो. ही सड लवकर ओळखायची म्हणून आम्ही एमक्यू-१३५ हा स्वस्त गॅस सेन्सर आणि जोडीला तापमान-आर्द्रतेचा सेन्सर वापरला. सर्किट एकाने जोडलं, आकडे वाचणारं कोड दोघींनी लिहिलं, मोबाइलवर इशारा पाठवणारा भाग मी केला. मात्र बोर्डाला जोडलेला लॅपटॉप एकच होता. प्रत्येकजण आपला भाग पेन ड्राइव्हवर आणून द्यायचा आणि लॅपटॉपचा मालक तो चढवायचा. रात्री तीन वाजता याहून सोयीची पद्धत कुणाला सुचत नाही.

पुढे तो लॅपटॉपवाला सहकारी एका कंपनीत लागला आणि वर्षभराने आमचीच इशाऱ्याची पद्धत त्या कंपनीच्या उपकरणात दिसली. आम्ही विचारलं, तर कंपनीने रेपोचा इतिहास दाखवला. तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव होतं. कायद्याने पाहिलं तर विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या कोडचा हक्क आधी त्याच्याकडेच असतो. काम खरोखर सामाईक असेल, तर बाकीच्यांच्या संमतीशिवाय एकाने ते तिसऱ्याला वापरायला देणं आपल्याकडे मान्य नाही. पण कोणती ओळ कुणी लिहिली हे दाखवायला आमच्याकडे पेन ड्राइव्हशिवाय काही नव्हतं, आणि तो तर कधीच फॉरमॅट झाला होता. वाद पुढे नेण्याइतके पैसेही नव्हते. पैशापेक्षा मला लागलं ते असं की, ज्या पाचजणांबरोबर पुढची दहा वर्षं काम करावं असं वाटत होतं, त्यांतल्या एका मैत्रिणीशिवाय कुणाशीच माझं बोलणं उरलं नाही.

उपाय अगदी साधा आहे. लॅपटॉप एकच असला तरी कमिटच्या संदेशाखाली एक ओळ रिकामी सोडून, ज्यांनी तो भाग लिहिला त्यांची नावं घालता येतात:

```
gas reading: add moving average

Co-authored-by: Name <name@example.com>
```

ईमेल ज्याच्या-त्याच्या गिटहब खात्याचा असला, तर त्या कमिटवर त्याचंही नाव दिसतं. याच्या जोडीला रेपोत एक पानभर मजकूर ठेवावा: कुणी काय केलं, कुणी आधीचं कोणतं कोड घेऊन आलं, पुढे कुणीही हे एकट्याने वापरलं तर चालेल का, आणि कुणी सोडून गेलं तर त्याच्या भागाचं काय. ग्रुपवर तो मजकूर टाकून सगळ्यांकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्यावं. हे बोलणं पहिल्या तासातच उरकावं. निकालानंतर तोच विषय काढला की लोकांना संशयाचा वास येतो.

`LICENSE` या फाइलचाही विचार तेव्हाच व्हावा. ती नसेल तर रेपो सगळ्यांना दिसत असला तरी बाहेरच्या कुणाला ते कोड वापरायचा हक्क मिळत नाही. उलट, एमआयटी परवाना लावला तर कुणीही, अगदी कंपनीसुद्धा, मूळ कर्त्यांची नावं आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवून ते कोड विकू शकते. दोन्ही रस्ते रास्त आहेत, फक्त तो सगळ्यांनी मिळून निवडलेला असावा. स्पर्धेच्या नियमांतलं हक्कांबद्दलचं कलम त्याआधी वाचावं, कारण काही आयोजक सादर केलेल्या कामावर स्वतःचा वाटा सांगतात.

आता परीक्षकांविषयी. आमच्या पॅनेलवर साठवणुकीच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेले एक सर होते. त्यांनी उपकरण हातात घेतलं नाही, नुसतं विचारलं, “पोरांनो, सेन्सर छताला टांगलाय. सड तर ढिगाच्या पोटात सुरू होते. मग तुम्ही नक्की कुठली हवा मोजताय?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर परीक्षकांभोवती गर्दी झाली, सेल्फी निघाले, नंबर घेतले गेले. त्या नंबरांपैकी बहुतेकांवर पुढे ‘नाइस मीटिंग यू सर’ एवढंच गेलं असणार.

मी आणि टीममधली ती मैत्रीण, आम्ही दोघींनी तेव्हा काहीच पाठवलं नाही. आधी एका ओळखीच्या चाळीत भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप ढिगात खुपसून सेन्सर आत उतरवला, आणि छताजवळचे व आतले आकडे शेजारी शेजारी मांडले. आत ओलावा सतत जास्त होता. गॅसचा आकडा मात्र ओलाव्याबरोबरच वरखाली व्हायचा, कारण एमक्यू-१३५ एका वायूपुरता नसतो आणि त्याच्यावर आर्द्रतेचाही परिणाम होतो. म्हणजे आमचा इशारा सडीचा होता की पावसाचा, हे त्यावरून सांगताच येत नव्हतं. हे सगळं आलेखासकट सरांना लिहिलं, आणि खाली एकच प्रश्न विचारला: सडलेले आणि चांगले कांदे वेगळे ठेवून मोजता येतील अशी जागा मिळेल का? त्यांचं उत्तर आलं. नंतर मोजणीची पद्धत त्यांनीच बसवून दिली आणि त्यावरच्या लेखात ते आमचे सहलेखक झाले. निकाल लागेपर्यंत परीक्षकाला गाठू नये, हे मात्र कटाक्षाने पाळावं. त्याने त्यांचीच अडचण होते.

ज्या टीमशी आम्ही हरलो, त्यांच्याशी मैत्री जमली ती चार्जरवरून. आमच्या गॅस सेन्सरमध्ये तापणारी तार असते, त्यामुळे आमची बॅटरी दिवसभरही टिकत नव्हती. त्यांचं यंत्र गॅस मोजतच नव्हतं. ते बहुतेक वेळ झोपून राहायचं, ठरावीक वेळाने जागं होऊन तापमान-आर्द्रता नोंदवायचं आणि पुन्हा झोपायचं. तेच कोड आज आमच्या उपकरणात आहे, त्यांच्या नावासकट. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसारख्या स्पर्धेत टीममधले सहाही जण एकाच कॉलेजचे असावे लागतात. तिथे बाहेरचा सहकारी मिळायचा तर तो बहुधा समोरच्या टेबलावरच बसलेला असतो, आणि तोच प्रश्न आपल्यापेक्षा वेगळ्या बाजूने सोडवत असतो. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे जावं आणि त्यांचं काय अडलंय ते विचारावं. स्वतःचं काय चाललंय ते सांगत बसू नये.

परीक्षकाला लिहिलेल्या पत्राला उत्तर आलं नाही, तर आठवण म्हणून पुन्हा तेच पाठवू नये. नवं मोजमाप हाती आलं की तेवढंच लिहावं. त्यालाही उत्तर नाही आलं, तर त्या माणसाला मोकळं सोडावं आणि पुढच्या वेळी प्रश्न देणारी संस्था स्वतः परीक्षक पाठवते अशी स्पर्धा निवडावी. तिथे प्रश्न त्यांचा स्वतःचा असतो, त्यामुळे उत्तर अर्धवट असलं तरी त्यांना ते वाचायचं असतं.