पालथं घातलं की रडणारं बाळ

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात बाळ झालं की पहिल्या एक-दोन तपासण्यांतच नर्स विचारते, "टमी टाइम देता ना?" म्हणजे बाळ जागं असताना त्याला पोटावर ठेवता ना. नवीन आईबाबा घरी येऊन बाळाला गालिच्यावर पालथं घालतात, बाळ नाक गालिच्यात खुपसून आकांत करतं आणि पुढचे पंधरा दिवस कुणी तो विषय काढत नाही. दिवेआगर, बोर्ली, श्रीवर्धन या पट्ट्यातून येऊन इथे रुळलेल्या आम्हा घरांपैकी बहुतेकांनी हे पाहिलंय. त्यातून जे उपयोगी पडलं ते पुढे दिलं आहे.

आधी हा आग्रह कशासाठी, ते समजून घ्या. बाळ पोटावर झोपलं तर झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो, हे लक्षात आल्यावर इंग्लंडने 1991मध्ये आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992मध्ये बाळांना पोटावर झोपवू नका असं सांगायला सुरुवात केली. पुढे उताणं झोपवणं हाच नियम झाला. त्यामुळे मृत्यू खूप कमी झाले. पण दिवसरात्र उताणं पडून आणि वर कारसीट, झोपाळाखुर्चीत टेकून बाळाच्या डोक्याची मागची बाजू चपटी होऊ लागली, मानेला आणि खांद्यांना कामच उरलं नाही. म्हणून झोप नेहमी उताणी आणि जागेपणी, डोळ्यांसमोर, थोडा थोडा वेळ पालथं, अशी ही जोडी आहे. दोन्ही गोष्टी एकत्रच पाळायच्या.

आपल्याकडची आजी डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी घेऊन येते. विमानातून प्रेमाने आणलेली असते, पण पाळण्यात ती ठेवायची नाही. इथे पाळण्यात उशी, लोड, गोधडी यातलं काहीच चालत नाही, कारण तोंडावर आलं तर लहान बाळाला ते बाजूला सारता येत नाही. डोकं गोल राहायला पालथं ठेवणं, आणि उताणं झोपवताना डोक्याची दिशा रोज बदलणं, एवढं पुरतं. हे आजीला पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगा, उशी गुपचूप कपाटात ठेवू नका. आजीला वाईट वाटतं आणि मग ती तुमचं पुढचंही ऐकत नाही.

ऐकायला हवी अशी गंमत म्हणजे, आजीला हे काम आधीपासून येत असतं. दिवेआगरला बाळंतिणीकडे येणारी मालिशवाली बाई पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथं घालते आणि खोबरेल चोळत पाठ रगडते. तिथे कुणी त्याला वेगळं नाव देत नाही. इथल्या नर्सला सांगितलं की ती खूश होते. मात्र पाठीला मालिश होत असताना बाळ बरेचदा गाल टेकून पडून असतं. तो वेळ चांगलाच, पण मानेला काम तेव्हा होतं जेव्हा ते डोकं उचलू बघतं. तेवढाच वेळ मोजा.

न्यू जर्सीतल्या एका घरचं उदाहरण इथे सविस्तर सांगते, कारण त्यात जवळजवळ सगळे अडथळे आले. बाळ पूर्ण दिवसांचं, महिना-सव्वा महिन्याचं. आई सिझेरियनची. बाळाला दुपट्यावर ठेवलं की क्षणात रडणं सुरू. दिवेआगरहून आलेल्या सासूबाईंनी दोन दिवस नुसतं पाहिलं आणि मग म्हणाल्या, "अगो, त्याचे हात बघ कुठे गेलेत." हात छातीखाली अडकले होते. शिवाय दूध पिऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि खाली जाडजूड मऊ रजई होती, तिच्यात तोंड रुतत होतं.

या तीन गोष्टी सुधारल्या तरी रडणं निम्मंच कमी झालं. उरलेल्याचं कारण शरीराच्या ठेवणीत आहे. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने फार जड असतं, आणि पोटातल्या सवयीने ते गुडघे पोटाशी घेऊन, ढुंगण वर करून पडतं. सगळा भार छातीवर आणि गालावर येतो. तशा स्थितीत मान उचलणं त्याला जमतच नाही, म्हणून ते रडतं. तेव्हा आधी उतार द्यायचा आणि तो हळूहळू कमी करत जमिनीवर यायचं.

सुरुवात बाबांच्या छातीवर झाली. आईचा टाका ओढला जात होता, म्हणून बाबा. ते खुर्चीत अर्धवट मागे रेलले, बाळ छातीवर पोटाशी पोट लावून. एवढा उतार असला की मानेवरचा भार बराच हलका होतो, आणि बाळाला डोकं उचलायला कारणही मिळतं, कारण आवाज वरून येत असतो. इथे एक धोका आहे. बाबा पेंगायला लागले तर बाळाला उचलून पाळण्यात उताणं ठेवायचं. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन झोप लागणं हे फार घातक. काही दिवसांनी बाबा रोज थोडे अधिक मागे रेलू लागले आणि शेवटी सपाट पलंगावर आले.

त्याच काळात सकाळची मालिश सासूबाईंच्या पायांवर चालू होती. त्यात एकच बदल केला. पाय जमिनीवर सरळ ठेवले की मांड्या उंच आणि घोटे खाली, त्यामुळे घोट्यांकडे डोकं असलेलं बाळ किंचित डोक्याकडे उतरतं झोपतं. टाचांखाली पाट ठेवला की डोक्याची बाजू वर येते. बाळाचे कोपर पुढे आणून ठेवायचे, आणि आईने समोर जमिनीवर पालथं पडून वीतभर अंतरावर आपला चेहरा आणायचा. या वयात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुळखुळा वाजवून उपयोग नाही. तेल लावलेलं बाळ मात्र माशासारखं निसटतं, म्हणून सासूबाईंचा एक हात कायम त्याच्या पाठीवर असे. ते अगदी तसंच करा. आणि पालथं असताना डोक्यावरून पाणी ओतायची पद्धत इथे आणू नका, नाकातोंडात पाणी जातं.

जमिनीवर आल्यावर गोधडीची एक घडी गालिच्यावर अंथरली, म्हणजे खाली घट्टपणा राहिला. हाताच्या टॉवेलाची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून ती छातीखाली, काखेच्या पातळीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यापुढे काढले. गुंडाळी पोटाखाली सरकली तर डोकं उलट खाली जातं आणि बाळ जास्तच चिडतं. ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. शेवटी एक तळहात ढुंगणावर ठेवून हलकेच खाली आणि पायांच्या दिशेने दाब दिला. भार छातीवरून कंबरेकडे सरकतो आणि डोकं वर येतं. लगेच फरक दिसतो. थोडी ताकद आली की आधी हात काढायचा, मग गुंडाळी.

वेळेबद्दल घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये सांगितलं की अजून फिरू न लागलेल्या बाळाला दिवसभरात मिळून निदान 30 मिनिटं पालथं ठेवावं. हा आकडा वाचून नवे आईबाबा एका बैठकीत अर्धा तास उरकायला बघतात. तसं नाही. या घराने प्रत्येक लंगोट बदलल्यावर अर्धं-एक मिनिट एवढंच ठरवलं. दूध पिऊन अर्ध्या तासाने, झोप झालेली असताना. नाक फुरफुरवणं, कुरकुरणं, हातपाय मारणं म्हणजे मेहनत चालली आहे, थोडं थांबायला हरकत नाही. डोकं खाली टाकून तोंड लाल करून रडणं म्हणजे संपलं. त्याच्या जरा आधीच थांबवायचं, आणि थांबवताना झटकन उचलायचं नाही. एका कुशीवर वळवून मग उताणं करायचं. तेवढ्यानेही कुशीवर वळण्याची सवय होते. रडू देऊन सवय होईल, असं सांगणारे भेटतील. आमच्या पाहण्यात त्याने बाळ गोधडी दिसताच रडायला शिकतं.

तीन-चार आठवड्यांत ते एका खेपेला चार-पाच मिनिटं टिकू लागलं. दोन महिन्यांच्या आसपास मान वर धरता येणं, चारच्या सुमारास कोपरांवर छाती उचलणं आणि सहाच्या सुमारास हात ताठ करून वर येणं, पोटावरून पाठीवर लोळणं, असा साधारण क्रम असतो. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर वय ठरल्या तारखेपासून मोजा. बत्तिसाव्या आठवड्यात आलेलं, आज चार महिन्यांचं असलेलं बाळ या हिशेबात दोन महिन्यांचं ठरतं. शेजारणीच्या बाळाशी तुलना करण्याआधी हे वजा करा.

काही रडणं सवयीचं नसतं. बाळ कायम एकाच कुशीकडे मान वळवून ठेवत असेल, दुसरीकडे वळवताना रडत असेल आणि डोकं त्याच बाजूला चपटं होत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. व्यायामाने तो बहुतेकदा सुटतो, पण पहिल्या काही महिन्यांत गेलात तर लवकर सुटतो. पुढच्या लसीपर्यंत थांबू नका. पोटावरच नव्हे, कसंही ठेवलं तरी पाठीची कमान करून किंचाळणं, वारंवार उलट्या, वजन न वाढणं, अंग फार सैल किंवा फार ताठ वाटणं, चौथ्या महिन्यातही डोकं न उचलणं, यांतलं काही दिसलं तर आधी डॉक्टरांना दाखवा. फोनवर रडण्याचा आणि मान वळवण्याचा छोटा व्हिडिओ घेऊन जा. तपासणीच्या खोलीत बाळं हमखास शहाण्यासारखी वागतात.

"नाळ पडेपर्यंत पालथं घालू नका," असं गावाकडून फोनवर सांगितलं जातं. आईबाबांच्या छातीवर घ्यायला नाळेची अडचण नाही, पहिल्या दिवसापासून घेता येतं. जमिनीवरही काही क्षण चालतं. नाळेला घासू नये म्हणून लंगोटाची वरची कड खाली दुमडा.

आणि बाळ लोळायचा प्रयत्न करू लागलं की त्या दिवसापासून झोपताना दुपट्यात हात बांधून गुंडाळणं बंद. गुंडाळलेलं बाळ पालथं पडलं तर त्याला हातांचा आधार घेता येत नाही. झोपवताना उताणंच ठेवा. दोन्ही बाजूंना आपलं आपण लोळता यायला लागलं, आणि मग ते रात्री स्वतःहून पालथं झालं, तर परत परत उठून उलटं करायची गरज नाही. पाळणा मात्र तसाच रिकामा हवा.