पोळ्यानंतर थेट शिमग्याला

चुडावा, ता. पूर्णा

चि. बंडूस,

परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या सरांना तू पाठवलेला मेसेज वाचला. ‘नमस्कार सर, ओळखलंत का? मागे बोललो होतो त्याचं काय करावं?’ निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. म्हणून सर बदलले असं तू म्हणतोस. अरे, पोळ्याच्या सुमारास बोललास आणि आता शिमग्याला लिहितोस. मधल्या काळात किती शेतकऱ्यांनी त्यांना काय काय विचारलं असेल! ‘मागे’ या शब्दावरून त्यांनी काय शोधायचं?

तहसिलीत माझी हयात पत्रं लिहिण्यात गेली. तिथे विषयाखाली ‘संदर्भ’ अशी ओळ असते. तीत समोरच्या कार्यालयाच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहायची. आपला क्रमांक दिला, तर त्यांच्या कारकुनाला फाईल हुडकायला वेळ लागतो; त्यांचा दिला की लगेच सापडते. तुझ्या मेसेजलाही हाच नियम लाव. तुला काय आठवतं ते लिहू नकोस, सरांच्या डोक्यात काय राहिलं असेल ते लिही. त्यांना तुझं नाव आठवणार नाही, पण पिवळी पडलेली पानं आणि चिरलेल्या गड्ड्याचा फोटो कदाचित आठवेल.

म्हणून असं लिही :

‘नमस्कार सर, मी चुडाव्याचा. पोळ्याच्या सुमारास सेलम हळदीतल्या कंदकुजीचा फोटो पाठवला होता. बेण्याचं काढणीनंतर विचार, असं तुम्ही म्हणाला होतात. आता काढणी झाली आहे. पाणी साचलेल्या पट्ट्याबाहेरचे निरोगी दिसणारे गड्डे बेण्याला ठेवावेत, की सगळंच बेणं बाहेरून आणावं?’

यात गाव, वेळ, वस्तू आणि बोलणं कुठे थांबलं होतं, एवढं सगळं पहिल्या तीनच वाक्यांत आलं. त्यापुढे लगेच नवी गोष्ट आणि एकच प्रश्न. ‘बरेच दिवस संपर्क नव्हता, क्षमस्व’ हे मुळीच नको. तेवढ्यात वाचणाऱ्याचा अंगठा पुढे सरकतो.

तारीख पक्की नसेल तर सण किंवा हंगाम सांग, चुकीची तारीख देऊ नकोस. ‘तुम्ही कळवतो म्हणाला होतात’ हेही लिहू नकोस. आठवण राहते बाजूला आणि तगादा होतो. ते नेमकं काय म्हणाले होते याची खात्री नसली, तर ‘माझ्या समजुतीप्रमाणे’ घाल. त्यांच्या तोंडी सल्ला कोंबलास तर पहिलं उत्तर खुलाशाचंच येईल.

जुन्या मेसेजवर बोट ओढून त्यालाच उत्तर दिलंस तर उत्तम, जुना फोटो त्यांना तिथेच दिसेल. पण कित्येक जण फोन भरला की चॅट पुसून टाकतात, तेव्हा ओळ लिहायचीच.

आजच पाठव. गड्डे सावलीत रचायच्या आधी निवड व्हायला हवी, आणि मजूर परवापर्यंतच आहेत म्हणे.

तुझा,
मामा