‘माझा फोटो’ म्हणजे नक्की कोणाचा? परदेशी सपोर्ट टीमला तक्रार लिहिताना

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "सर, आमचे प्रॉडक्टचे फोटो दुसऱ्यानेच टाकलेत, तक्रार केली तर रिजेक्ट झाली. काय करायचं?" माझ्यासोबतही हेच झालंय. म्हणून आज माझीच तक्रार उघडून दाखवतो.

आपल्या नंदुरबारच्या मिरचीची पावडर मी पाव किलोच्या पाकिटात ऑनलाइन विकतो. एका विक्रेत्याने माझ्या पाकिटाचे दोन फोटो उचलले, त्यावरचं नाव पुसलं आणि स्वतःचं नाव टाकून तो माल विकू लागला. मी रागात मराठीत लिहिलं:

"माझे फोटो चोरून परवापासून डुप्लिकेट माल विकतोय. माझा ब्रँड रजिस्टर आहे. कायदेशीर कारवाई करा."

भाच्याने त्याचं इंग्रजी केलं आणि पाठवलं. भाषांतर शब्दाला शब्द बरोबर होतं. तरी उत्तर आलं की चोरीसाठी पोलिसांकडे जा, आणि नकली मालाची तक्रार असेल तर ट्रेडमार्कचा नोंदणी क्रमांक द्या. चूक भाच्याची नव्हती. माझं मराठीच मोघम होतं.

‘माझे फोटो’. मराठीत याचे तीन अर्थ होतात: माझा चेहरा असलेला, मी काढलेला, किंवा माझ्या मालकीचा. पहिला अर्थ प्रायव्हसीचा आहे, तिसरा कॉपीराइटचा. मी काढलेल्या फोटोचा कॉपीराइट नोंदणी न करताही माझाच असतो. माझा दुसरा फोटो मात्र स्टुडिओवाल्याने काढला होता. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १७ प्रमाणे, आपण सांगून आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक आपण असतो, पण वेगळा करार झालेला नसेल तरच. म्हणून बिल जपून ठेवा.

‘डुप्लिकेट माल’. इंग्रजीत याचं नकली माल झालं. नकली म्हणजे माझ्या ब्रँडचं नाव लावून विकलेला. तो तर स्वतःचं नाव लावत होता! त्यामुळे तक्रार ट्रेडमार्कच्या टीमकडे गेली.

‘रजिस्टर आहे’. इथे मी खरंच अडकलो असतो. माझ्याकडे उद्यम आणि एफएसएसएआय नोंदणी होती, ट्रेडमार्कचा फक्त अर्ज केला होता. मराठीत सगळंच ‘रजिस्टर’. पण नोंदणी नसलेला ट्रेडमार्क नोंदणीकृत आहे असं सांगायला ट्रेडमार्क कायद्याच्या (१९९९) कलम १०७ खाली मनाई आहे.

‘परवा’. झालेला परवा की येणारा? तारीख लिहा, आणि महिना अक्षरात. कारण ०४/०५ म्हणजे आपल्याकडे ४ मे, अमेरिकेत ५ एप्रिल.

मग मी मराठी मजकूरच नव्याने लिहिला:

"पहिला फोटो मी स्वतः काढला आहे. दुसरा फोटो माझ्या सांगण्यावरून, माझ्याकडून पैसे घेऊन स्टुडिओने काढला. वेगळा करार नाही, बिल सोबत आहे. दोन्ही फोटोंच्या कॉपीराइटचा मालक मी आहे. या विक्रेत्याने माझ्या परवानगीशिवाय ते खालील लिंकवर वापरले आहेत. माझे मूळ फोटो या लिंकवर आहेत. ते दोन फोटो काढून टाकावेत, एवढीच माझी मागणी आहे."

बघा, यात ‘चोरी’ नाही, ‘ब्रँड’ नाही, ‘कारवाई’ नाही. प्रत्येक वाक्यात कोणी काय केलं ते आहे. ‘फोटो वापरले गेले’ लिहिलं की कर्ता गायब होतो, आणि भाषांतरात तो परत येत नाही.

पाठवण्याआधी एक काम करा. मूळ मराठी न वाचलेल्या माणसाला इंग्रजी मजकूर द्या आणि मराठीत सांगायला लावा. माझ्या वेळी ‘परवानगीशिवाय’चं ‘पैसे न देता’ झालेलं तिथेच सापडलं. दोन्हींत फरक आहे: पैसे न घेताही परवानगी देता येते.

अमेरिकन कंपन्यांच्या कॉपीराइट फॉर्ममध्ये शेवटी शपथेसारखी वाक्यं असतात: माहिती अचूक आहे, आणि मालकाच्या वतीने तक्रार करायचा मला अधिकार आहे. दुसरं वाक्य खोटं ठरलं तर ती खोटी साक्ष. त्याखाली सही तुमची असते, भाच्याची नाही. ती वाक्यं मराठीत समजून घेतल्याशिवाय टिक करू नका. मूळ मराठी मजकूरही तारखेसह जपून ठेवा, म्हणजे पुढे वाद झाला तर तुम्ही काय म्हणाला होता ते दाखवता येईल.

माझे दोन्ही फोटो निघाले. तो विक्रेता मात्र आजही स्वतःच्या फोटोवर मिरची विकतोय, आणि ते थांबवायचा मला हक्कही नाही. कॉपीराइटची तक्रार फोटोपुरतीच असते.

आता तुमची रिजेक्ट झालेली तक्रार काढा आणि त्यातल्या प्रत्येक ‘माझा’ आणि ‘रजिस्टर’ खाली रेघ मारा. भेटू पुढच्या व्हिडिओत!