वाफ चालू असतानाच वाचायचा लेख

दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कसं आहे ते हॉस्टेलवर सगळ्यांना माहीत आहे. तरी हा विषय मराठीतच लिहिते, कारण तो मराठीतच कळला.

सुट्टीत भोसरीच्या एका छोट्या कंपनीत ट्रेनिंग केलं. ते स्टीम ट्रॅप बनवतात, म्हणजे पाइपमधलं कन्डेन्सेट बाहेर सोडणारा पण वाफ अडवणारा व्हॉल्व्ह. मला काम मिळालं, 'ग्राहकांसाठी दर महिन्याला एक न्यूजलेटर काढ'. मी उत्साहाने पहिलं पान लिहिलं, 'आमची अग्रगण्य कंपनी...' सर्व्हिसचे काका म्हणाले, "अगं, हे कोण वाचणार? मेंटेनन्सवाल्याला तुझी कंपनी नकोय, त्याचा ट्रॅप का गळतोय ते हवंय."

तसं पाहिलं तर आपल्याकडे ही कल्पना जुनी आहे. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्र, पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. पण आमचा वाचक वेगळा होता. पर्चेस ऑफिसर नुसता भाव बघतो, कोणता ट्रॅप लावायचा हे प्लांटचा इंजिनिअर लिहून देतो. लेख त्या इंजिनिअरसाठी हवा.

मग विषय कुठून आणायचे? काकांनी सर्व्हिस कॉलचं रजिस्टर पुढे टाकलं. तीन महिन्यांच्या नोंदी मी वहीत प्रश्नांप्रमाणे लावल्या. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, 'ट्रॅप खराब झाला हे ओळखायचं कसं, आणि त्याने नुकसान किती?' पहिला लेख ठरला.

कधी पाठवायचा, यात मी चुकणारच होते. आमचे बरेच ग्राहक साखर कारखाने. मी म्हटलं, जूनमध्ये पाठवू, गाळप संपलेलं असतं, ओव्हरहॉलिंग चालू असतं, लोकांना वेळ असतो. काका हसले. जूनमध्ये लाइन थंड! ट्रॅप उघडा अडकलाय की बरोबर चालतोय हे वाफ असतानाच कळतं, आवाजावरून नाहीतर बाहेर पडणाऱ्या वाफेवरून. म्हणजे लेख फेब्रुवारीत हातात पडला पाहिजे. गाळप चालू असताना ते तपासणी करतील, खराब ट्रॅपना खुणा करतील आणि ती यादी ऑफ-सीझनच्या खरेदीत जाईल. आमच्या प्लॅनमधली हीच तारीख पक्की होती, बाकीचे महिने त्याच्या मागेपुढे बसवले.

लेखात एकच उदाहरण घेतलं. लाइनचं प्रेशर 7 बार गेज, ट्रॅप उघडा अडकलेला, भोक 3 मिलिमीटर. नुकसान रुपयांत सांगावं असं मला वाटत होतं, पण साखर कारखाना कोळसा विकत आणत नाही, स्वतःचा बगॅस जाळतो. म्हणून हिशोब बगॅसमध्ये केला. एक टन बगॅसपासून साधारण सव्वादोन टन वाफ मिळते. माझ्या आकड्याने ताशी 22 किलो वाफ जात होती, 150 दिवसांच्या हंगामात 3600 तास, म्हणजे जवळजवळ 80 टन वाफ. एका ट्रॅपमागे 35 टन बगॅस!

पाठवल्यावर दोन दिवसांनी एका कारखान्याच्या इंजिनिअरचं एका ओळीचं उत्तर आलं : "प्रेशर गेज धरलंत की अ‍ॅब्सोल्यूट?"

माझ्या पोटात गोळा आला. भोकातून जाणारी वाफ अ‍ॅब्सोल्यूट प्रेशरच्या प्रमाणात वाढते, आणि मी हवेचा 1 बार मिळवलाच नव्हता. 8 च्या जागी 7. म्हणजे आकडा आठव्या हिश्शाने कमी. कुणाचं नुकसान झालं नाही, पण जो माणूस रोज हेच मोजतो तो अशा चुकीनंतर पुढचा अंक उघडेल का? जाहिरातीत 'सर्वोत्तम' लिहिलं तर तो नुसता दुर्लक्ष करतो, इथे मात्र आकडा तपासून बघतो.

साहेब म्हणाले, पुढच्या अंकात गुपचूप बदल. काका म्हणाले, आजच पाठव. शेवटी त्याच संध्याकाळी सगळ्यांना दुरुस्ती गेली : ताशी 25 किलो, हंगामात 90 टन वाफ, म्हणजे 40 टन बगॅस. आणि पहिल्या वेळी राहून गेलेली मर्यादाही लिहिली. प्रत्यक्षात त्याच भोकातून कन्डेन्सेटही जातं आणि ते अर्धवटही अडकलेलं असू शकतं, म्हणून हा जास्तीत जास्त आकडा समजावा.

न्यूजलेटर किती जणांनी उघडलं हे मोजायचं सॉफ्टवेअर होतं, पण त्यावर भरवसा नव्हता. 2021 पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप वाचणाऱ्याने पत्र उघडायच्या आधीच चित्रं उतरवून ठेवू शकतं, मग न वाचलेलंही उघडलेलं दिसतं. म्हणून एन्क्वायरी रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आखला, 'कशामुळे फोन केला?'

त्या रकान्यातली पहिली नोंद त्याच इंजिनिअरची आहे. ट्रॅप नको होता त्याला. 5 मिलिमीटरच्या भोकाचाही आकडा द्या म्हणाला, या वेळी अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर धरून.