नदीपात्रातील खड्ड्याचा तळ का उकळतो?



पाणी आटले की नदीकाठच्या गावांत उपसा सिंचनाच्या कामांना जोर येतो. जॅकवेलसाठी पात्रात खड्डा घेतला जातो, भोवती लोखंडी पत्रे ठोकले जातात, पंप लागतो आणि मजूर खाली उतरतात. असाच एक खड्डा पाहायला आम्ही गेलो होतो. तीन मीटर खोल जायचे होते, अडीच मीटर झाले होते. आदल्या दिवशी वरच्या धरणातून पाणी सुटले होते आणि पात्रात वाळूवर अर्धा मीटर पाणी उभे होते. तळ कोरडा दिसत होता, पण एका कोपऱ्यात मुठीएवढ्या जागेत वाळू भाताच्या आधणासारखी खदखदत होती. काम पाहणारे सभासद म्हणाले, "साहेब, एवढा एक झरा हाय. अजून एक पंप लावला की हटंल."

जुना मिस्त्री मात्र शिडीजवळून हलेना. तो म्हणाला, "पंप लावू नगा. आधी पोरं वर घ्या."

मिस्त्रीचेच बरोबर होते. का, ते या लेखात सांगतो, कारण पंप वाढवण्याची चूक आमच्या भागात दरसाल कुठे ना कुठे होतेच.

वाळू पक्की असते ती एका कारणाने. वरचा दाणा खालच्या दाण्यावर वजन टाकतो, आणि त्या दाबामुळे दाणे एकमेकांवरून घसरत नाहीत. पाण्यात बुडालेली एक घनमीटर वाळू पाण्यासकट सुमारे दोन टन भरते. त्यातले एक टन पाणीच उचलून धरते, जसे विहिरीत बुडलेली घागर हलकी लागते तसे. म्हणजे दाण्यादाण्यांतून खाली जाणारे वजन उरले एक टन. तळ धरून ठेवायला आपल्या हातात आहे ते एवढेच.

आता पाणी नुसते उभे नसून खालून वर येऊ लागले, तर ते दाण्यांना घासत, ढकलत येते. एक मीटर जाडीच्या वाळूतून वर येताना पाण्याची एक मीटर उंची खर्ची पडत असेल, तर दर चौरस मीटरला वरचा रेटा एक टन होतो. वजनही एक टनच. दोन्ही सारखे झाले की दाण्यावर दाण्याचे ओझे राहत नाही आणि वाळू पाण्यासारखी वागते. यालाच इंजिनियर मंडळी वाळूची ‘क्विक’ अवस्था म्हणतात. जितकी उंची खर्ची पडली तिला वाळूच्या जाडीने भागले की पाण्याचा उतार मिळतो, आणि वाळू उकळते तो क्रांतिक उतार साधारण एक. घट्ट बसलेल्या वाळूत तो एकाच्या किंचित वर, १.१ च्या आसपास जातो. भुसभुशीत वाळूत ०.९ पर्यंत खाली येतो. फरक एवढाच.

इथे एक गैरसमज काढून टाकू. उकळणारी वाळू ही वेगळ्या जातीची वाळू नव्हे. कालपर्यंत जिच्यावरून बैलगाडी गेली तीच वाळू आज उकळते आणि पाण्याचा रेटा कमी केला की पुन्हा पक्की होते. माणूस तिच्यात गडप होतो हेही खरे नाही; वाळू-पाण्याचा तो काला माणसापेक्षा दुप्पट जड असतो, म्हणून माणूस साधारण कमरेपर्यंत जातो आणि तिथेच तरंगतो. पण पाय अडकतो, सुटत नाही. आणि त्याच वेळी पत्र्यांना आतून टेका देणारी वाळू पातळ झालेली असते. पत्रे आत येतात. जीव जातो तो त्याने.

दुसरी गोष्ट दाण्याची. क्रांतिक उतार बारीक वाळूलाही तोच आणि गोट्यांनाही जवळजवळ तोच. मग बारीक वाळूच का उकळते? पाण्याच्या मापामुळे. चार मीटर लांब, चार मीटर रुंद खड्डा घ्या. बारीक वाळूत उतार एक झाला तरी तळातून मिनिटाला शंभर लिटरच्या आसपास पाणी येईल. लहानसा पंपसुद्धा ते सहज ओढतो. स्वच्छ खडीत तेवढाच उतार आणायचा तर मिनिटाला दहा हजार लिटरच्या घरात पाणी ओढावे लागेल. आपले पंप त्याआधीच हात टेकतात, खड्डा भरतो, आणि धोका आपोआप टळतो. म्हणून "पाणी थोडंच येतंय, पंपाला दाद देतंय" असे बारीक वाळूत कोणी सांगितले की आम्हाला जास्त काळजी वाटते.

आता त्या खड्ड्याचा हिशेब करू. पत्रे वाळूच्या पृष्ठभागापासून साडेचार मीटर खाली गेलेले होते. धरणाचे पाणी सुटण्याआधी पाण्याची पातळी वाळूच्या पृष्ठभागाइतकीच होती असे धरा. बाहेरचे पाणी पत्र्याच्या कडेने खाली जाते, टोकाला वळसा घालते आणि आतून वर येते. ढोबळ हिशेबात निम्मी उंची टोकापर्यंत जाताना खर्च होते आणि निम्मी आत वर येताना. खड्डा अगदी अरुंद असेल तर चारी बाजूंचे पाणी थोड्या जागेत दाटते आणि आतला वाटा निम्म्याहून मोठा होतो, हे ध्यानात ठेवावे.

खड्डा दोन मीटर खोल असताना पाण्यातला फरक दोन मीटर, आतला वाटा एक मीटर. तळाखाली पत्रा अडीच मीटर शिल्लक. एकाला अडीचने भागले, उतार ०.४. बरे आहे. अडीच मीटर खोदले की आतला वाटा सव्वा मीटर, आणि पत्रा शिल्लक दोनच मीटर, उतार ०.६ च्या वर. ठरलेल्या तीन मीटरवर गेलो की वाटा दीड मीटर, पत्रा शिल्लक दीड मीटर, उतार बरोबर एक. म्हणजे तळ उकळणार हे पत्रे ठोकले त्याच दिवशी ठरले होते. खोदताना आपण दोन्ही बाजूंनी नुकसान करतो, रेटा वाढवतो आणि वर दाबून बसलेली वाळू काढून टाकतो. म्हणून पहिले दोन मीटर सुखाने जातात आणि शेवटचा एक मीटर घात करतो.

वर धरणाचे पाणी. अर्धा मीटर पातळी वाढली, तेव्हा अडीच मीटरवरच फरक तीन मीटरचा झाला आणि उतार ०.७५ वर गेला. हा झाला सरासरी उतार. तळाची वाळू सगळीकडे सारखी नसते; पत्र्यालगत, कोपऱ्यात, भुसभुशीत जागी पाणी वाट काढते आणि तिथे एक आधी गाठला जातो. तो कोपरा म्हणूनच खदखदत होता. दुसरा पंप लावून तळातले पाणी आणखी खाली नेले असते, तर उतार आणखी वाढला असता.

हे आधी कळावे म्हणून एक साधी युक्ती आहे. अर्धा इंची नळी घ्या, खालच्या टोकाला चार बोटे लांबीत बारीक भोके पाडून जाळी गुंडाळा, आणि पत्र्यापासून वीतभर अंतरावर तळात एक मीटर रोवा. नळीतले पाणी स्थिर होऊ द्या. ते खड्ड्यातल्या पाण्याच्या वर जितके चढेल तो तुमचा उतार. चाळीस सेंटिमीटर चढले तर ०.४. आमचा नेम असा की तीस सेंटिमीटरपर्यंत काम चालू ठेवावे, पन्नास झाले की खोदाई थांबवून माणसे वर घ्यावीत. अशा नळ्या चारी कोपऱ्यांत हव्यात, एक पुरत नाही. आणि तळाखाली चिकणमातीचा थर लागला तर हा हिशेब चालत नाही. तिथे पाणी थराखाली कोंडते आणि सगळा थर एकदम उचलला जातो. त्या वेळी नळी थराच्या खालपर्यंत न्यावी आणि जाणत्या इंजिनियरला बोलवावे.

नळी नसेल तर डोळ्यांनी पाहावे. स्वच्छ पाण्याचा झरा लगेच घाबरण्याजोगा नसतो. झऱ्याभोवती वारुळासारखा वाळूचा ढीग जमतो आहे, पंपाच्या पाण्याची बादली भरून ठेवली तर खाली वाळू बसते आहे, दिवसभर पाट्या उपसूनही खोली वाढत नाही, पत्र्यांच्या बाहेर जमीन खचते आहे, ही लक्षणे वाईट. बाहेरची वाळू तळाखालून आत येऊ लागली आहे. ही वाट एकदा पडली की पाण्याचा मार्ग आखूड होतो, उतार चढतो, आणखी वाळू जाते. गंगेवरचा नरोऱ्याचा बंधारा १८९८ साली पायाखालच्या झिरपणीनेच फुटला. पुढे खोसला यांनी १९३६ साली बंधाऱ्यांच्या पायाचे नियम बांधले, त्यांत बारीक वाळूवर पाणी बाहेर पडतानाचा उतार एक सहांश ते एक सप्तमांशच ठेवला आहे. तो कायमच्या बांधकामासाठी. आपला खड्डा चार दिवसांचा, म्हणून आपण थोडी सूट घेतो. पण निम्म्याहून जास्त घेऊ नये.

त्या दिवशी माणसे वर आली आणि पंप बंद केला. बंद करताना सभासदांच्या तोंडावर नाराजी स्पष्ट दिसत होती, आठवड्याचे काम बुडाले म्हणून. खड्ड्यात दीड मीटर पाणी चढले तेव्हा कोपरा शांत झाला. पाणी हेच त्या घडीचे सगळ्यात स्वस्त ओझे. कोणी झऱ्यात चिकणमातीची पोती कोंबायला निघाले होते, त्यांना थांबवले. तोंड बंद केले की पाणी दोन हातांवर दुसरे तोंड काढते. पाणी जाऊ द्यायचे आणि वाळू अडवायची, म्हणून आधी जाड वाळू, मग बारीक खडी, वर दगड अशी भर टाकतात.

पुढे दोन मार्ग होते. एक, खड्ड्याबाहेर चारी बाजूंना जाळीच्या नळ्यांचे बोअर घेऊन तिथून पाणी ओढायचे, म्हणजे बाहेरची पातळीच तळाच्या खाली अर्धा मीटर उतरते आणि वर येणारा रेटा उरत नाही. पंप तोच, फक्त जागा बदलली. पण बोअर आणि वीज दोन्ही अखंड हवे. रात्री वीज गेली तर पाणी परतते, म्हणून डिझेल इंजिन जोडीला ठेवावेच लागते. दुसरा मार्ग, पाणी न उपसता आतली वाळू पाण्याखालूनच काढायची आणि नळीने तळाशी काँक्रीट सोडून बूच बसवायचे. बुचाचा खालचा तळ पाण्याखाली तीन मीटर असेल तर वरचा रेटा चौरस मीटरला तीन टन. काँक्रीट घनमीटरला २.४ टन भरते, तेव्हा नुसत्या वजनावर धरायचे तर सव्वा मीटर जाडी लागते. पाणी उतरू लागले की हा हिशेब चुकवता येत नाही.

सभासदांनी दुसरा मार्ग घेतला, कारण त्यांच्याकडे डिझेल इंजिन नव्हते. बूच घातल्यावर काँक्रीट पुरते पक्के होईपर्यंत पाणी उपसले नाही, आणि त्या दिवसांत मिस्त्रीने रोज सकाळी बाहेरच्या नळीतले पाणी दोरीने मोजून वहीत लिहून ठेवले.