बिल झाल्यावरची घासाघीस

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर किंवा सराफ्याच्या गल्लीत ज्याने एक दिवाळी दुकानात काढली आहे, त्यास हा प्रसंग नवा नाही. साडी पसंत झाली, भाव ठरला, बिल फाटले, साडी पिशवीत गेली आणि आता पैसे मोजायचे, इतक्यात गिऱ्हाईक हसत म्हणते, "भैया, आता वरचे दोनशे तरी सोडा!" भाव ठरण्यापूर्वीच्या घासाघिशीस आमची मुले चांगली तोंड देतात. या शेवटच्या वाक्यापुढे मात्र भलेभले गडबडतात. संस्थेच्या सभासदांपैकी अनेकांची घरे दुकानावर चालतात, म्हणून या एकाच क्षणाचा येथे थोडा बारकाईने विचार करू.

मी शिक्षक आहे, व्यापारी नव्हे. पण तरुणपणी सुटीचे महिने चाचांच्या ओळखीच्या एका चंदेरी साड्यांच्या दुकानात काढले आहेत, आणि माझे अनेक विद्यार्थी आज अशाच गाद्यांवर बसलेले आहेत. उदाहरण म्हणून चंदेरीच घेऊ. चंदेरी गाव आज अशोकनगर जिल्ह्यात असले तरी पूर्वी ते ग्वाल्हेर संस्थानात होते, आणि तेथील साडीशी या शहराची ओळख जुनी आहे.

पुढील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. एका साडीचा भाव दुकानदाराने ४,८०० रुपये सांगितला आणि घासाघीस होऊन तो ४,५०० वर ठरला. साडीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ठरलेल्या भावात तो धरलेला असेल, तर सुमारे २१४ रुपये सरकारचे आणि ४,२८६ दुकानाचे. साडीची खरेदी, कर वगळून, ३,६०० ची. उरले ६८६. जागेचे भाडे, नोकरांचा पगार, वीज, पडून राहिलेल्या मालात अडकलेले भांडवल, हे सारे साड्यांवर वाटले तर या साडीच्या वाट्यास ४३० येतात असे समजा. म्हणजे हाती राहिले २५६ रुपये.

आता वरचे दोनशे सोडले तर काय होते? गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती ४,५०० मधील किरकोळ रक्कम आहे. दुकानदाराच्या दृष्टीने मात्र ते २५६ मधील दोनशे आहेत. नवे बिल ४,३०० चे केले तर कर थोडा कमी होऊन हाती सुमारे ६५ रुपये राहतील. बिल ४,५०० चेच ठेवून गल्ल्यात ४,३०० घेतले तर कर पूर्ण रकमेवरच भरावा लागेल आणि हाती राहतील ५६. शिवाय रात्री बिलांची बेरीज व रोकड जुळणार नाही, आणि संशय बिचाऱ्या गल्ल्यावरच्या मुलावर जाईल. हा हिशेब गिऱ्हाइकास ऐकवावयाचा नाही. तो आपल्या मनात पक्का असला म्हणजे "दोनशेच तर आहेत" हे वाक्य ऐकून आपला आवाज डळमळत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

पैशाहून मोठी गोष्ट निराळी आहे. भाव ठरण्याआधी कमी केलेला रुपया हा सौद्याचा भाग असतो. ठरल्यानंतर सोडलेला रुपया मात्र गिऱ्हाइकास सांगतो, की पहिला 'शेवटचा भाव' खोटा होता. ते खूष होऊन घरी जाते खरे, पण वाटेत त्याच्या मनात येते, की तीनशे मागितले असते तर? मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. दुकानातल्या मुलाने एका बाईस बिलानंतर शंभर रुपये परत केले. त्यांची जाऊ शेजारीच बसून दुसरी साडी घेत होती. तिने मागितले नव्हते, म्हणून तिला काही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, आणि शंभर रुपये मिळालेली बाईच अधिक रागावलेली होती! तिचे म्हणणे असे, की आमच्या घरात भांडण लावलेत.

कायदा या बाबतीत काय म्हणतो तेही जाणून असावे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या २० व्या कलमाप्रमाणे, समोर ठेवलेल्या, द्यावयास तयार असलेल्या ठराविक वस्तूचा विनाशर्त सौदा झाला की मालकी तेव्हाच खरेदीदाराकडे जाते. पैसे नंतर द्यावयाचे असले तरी फरक पडत नाही. म्हणजे "घेतली" आणि "दिली" झाले की साडी त्या बाईंची आणि ४,५०० रुपये त्यांचे देणे. त्यानंतरची सूट हा हक्क नव्हे, विनंती होय. पण याची दुसरी बाजू दुकानदाराने विसरू नये. १८७२ च्या करार कायद्याच्या ६३ व्या कलमाने येणेकऱ्यास आपले येणे पूर्ण वा अंशतः सोडता येते, आणि त्यासाठी मोबदल्यात काही मिळालेच पाहिजे अशी अट आपल्याकडे नाही. इंग्लंडातील जुना नियम याहून वेगळा आहे. तेव्हा "बरं, सोडले दोनशे" हे तोंडातून गेले की ते गेलेच. मागाहून "मी गमतीने म्हणालो" हे शोभत नाही.

आता प्रत्यक्ष बोलणे. खरे पाहता हे उत्तर बिलाच्या आधीच सुरू होते. घासाघीस जेथे संपते तेथे ती संपली असे स्पष्ट शब्दांत म्हणावे लागते: "काकू, मग ४,५०० पक्के ना? बिल करू?" आणि काकूंच्या तोंडून "हो, करा" येईपर्यंत पेन उचलू नये. पुष्कळ दुकानांत मान हलली की बिल सुरू होते. गिऱ्हाइकाच्या मते मात्र बोलणी अजून चालू असतात. तुमच्या गादीवर बिलानंतरची मागणी रोजचीच झाली असेल, तर दोष गिऱ्हाइकांचा नसून या गाळलेल्या वाक्याचा आहे असे खुशाल समजावे.

तरीही मागणी आलीच, तर पुढील संवाद पाहा. तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानात मी स्वतः ऐकला.

"भैया, आता दोनशे तरी सोडा. नेहमीच्या आहोत आम्ही."

"नेहमीच्या आहात म्हणूनच तर तीनशे आधीच कमी केले, काकू. भाव आपण दोघांनी मिळून ठरवला. आता आणखी सोडले तर मघाशी मी खोटे बोललो असे होईल."

"अहो, सगळे देतात!"

"देत असतील. माझा भाव तोच आहे. साडी मात्र तुम्ही छान निवडलीत, हा पदर जरा वर ठेवून घडी घालतो, म्हणजे जर मोडणार नाही."

एवढेच. मग तो गप्प राहिला आणि घडी घालीत राहिला. काकूंनी पैसे मोजले. नकार एकदाच, कारण एकच, आणि त्यानंतर बोलणे साडीकडे वळवलेले. दुसऱ्यांदा मागितल्यावर त्याने नवे कारण दिले नाही, कारण प्रत्येक नवे कारण म्हणजे वादाचे नवे निमंत्रण. "परवडत नाही" म्हटले की गिऱ्हाईक तुमचा नफा मोजू लागते. "मालकांना विचारतो" म्हटले की बंद दार आपणच किलकिले केले. आणि "पुढच्या वेळी बघू" हे तर उधार वचन आहे. काकू ते वर्षभर ध्यानात ठेवतात. सकाळची वेळ असली तर बोहनीचा हवाला मिळतो. तेथेही उत्तर तेच, फक्त हसणे थोडे अधिक.

पण मागणारा प्रत्येक जण सवयीने मागत नाही, हे ओळखता आले पाहिजे. जो सवयीने मागतो त्याच्या हातात पैसे तयार असतात. ज्याचे खरोखर कमी पडतात तो नोटा दुसऱ्यांदा मोजतो, पिशवीचा आतला कप्पा चाचपतो. त्याच्यापुढे ताठ नकार चुकीचा होय. त्यास एकीकडे घेऊन हलक्या आवाजात सांगावे, "राहिलेले उद्या द्या," किंवा कमी किमतीची दुसरी साडी दाखवावी. भाव तोच राहतो. वेळ तेवढी दिली जाते. मालात डाग वा तुटलेला धागा निघाला, तर तो सुटीचा प्रश्नच नव्हे. साडी बदलून द्यावी.

तिसरा प्रकार दुसऱ्या दिवशी येतो: "शेजारणीने अशीच साडी तीन हजारांत घेतली." येथे न चिडता दोन्ही साड्या उलट्या करून पाहाव्यात. हातमागावरची बुट्टी निराळ्या धाग्याने जागच्या जागी भरलेली असते. यंत्रमागाच्या नकलेत पुष्कळदा मागील बाजूस कापलेल्या धाग्यांची टोके दिसतात. चंदेरीस २००५ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली, ती या नकलांच्याच भयाने. फरक दिसला की भावाचे बोलणे आपोआप थांबते. फरक नसेल आणि आपणच जास्त घेतले असतील, तर मान्य करून साडी परत घ्यावी किंवा रक्कम कमी करावी. मग मात्र सारे कागदावर यावे. बिलावर खाडाखोड करू नये. बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात, म्हणून रद्द केलेले बिलही 'रद्द' लिहून जपावे, आणि दिवस उलटला असेल तर हिशेबनिसास विचारून क्रेडिट नोट करावी.

कोणी विचारील, मुळात एकच भाव का ठेवू नये? जपानात मित्सुई ताकातोशी याने १६७३ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, कापडाचे दुकान काढले, आणि रोख पैसे व वाढवून न सांगितलेला एकच भाव ही त्या दुकानाची ओळख झाली. आपल्याकडे खादी भांडारात हेच चालते. तेथे गांधी जयंतीची सूट आधी जाहीर होते, आणि म्हणूनच इतर दिवशी कोणी बिलानंतर हात पसरत नाही. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या आपल्या मेळ्यातही काही वर्षी वाहनांवरील करात सवलत मिळते, पण ती आधी जाहीर झालेली असते. मात्र बाड्यावरच्या छोट्या दुकानाने उद्या एकदम 'एकच भाव'ची पाटी लावली, तर शेजारच्या दहा दुकानांत घासाघीस चालू असताना गिऱ्हाईक ती पाटी खरी मानणार नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याने मधला मार्ग काढला आहे. सांगण्याचा आणि ठरण्याचा भाव यांतले अंतर तो दर वर्षी थोडे कमी करीत आहे, आणि फॉल-पिकोचा दर गादीमागे लिहून लावला आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकास काही द्यावयाचे झाल्यास तो ते बिल करण्यापूर्वी, स्वतः होऊन देतो.